टाकी का वाहते? आधी दांडी उचलून पाहा

पहाटे पालिकेचं पाणी येतं आणि थोड्या वेळानं गच्चीवरून धार खाली पडू लागते. ओव्हरफ्लोच्या पाइपाखालची भिंत शेवाळून हिरवी झालेली असते, शेजारी एक-दोनदा सांगून गेलेले असतात. शेवटी प्लंबर येतो, टाकीचं झाकण सरकवून आत डोकावतो, ‘बॉलकॉक गेलाय’ म्हणतो आणि नवा बसवून जातो. काही दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तीच धार सुरू होते.

बॉलकॉक बदलण्यात गैर काही नाही, तो कधी ना कधी बदलावा लागतोच. पण पाणी का थांबत नव्हतं हे न पाहता बदलला, तर मूळ कारण टाकीत तसंच राहतं आणि नवा बॉलकॉकही त्यालाच बळी पडतो. ही कारणं तीनच ठिकाणी असतात. बिघाड पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्याच्या बाजूला असतो, पाणी अडवणाऱ्या तोंडाशी असतो, किंवा बॉलकॉक धडधाकट असतो पण नळातला दाब त्याला झेपत नसतो. तिन्हींचा इलाज वेगळा आहे. आपल्याकडे यातलं नेमकं काय झालंय हे हातानं, कोणतंही हत्यार न लावता कळू शकतं.

आत काय चालतं

आपल्या घरांतला साधा बॉलकॉक म्हणजे पितळेचा किंवा प्लास्टिकचा एक लहानसा नळच असतो. त्याच्या पोटात पाणी येण्याचं एक बारीक भोक असतं, त्याला आपण तोंड म्हणू. तोंडासमोर एक दट्ट्या पुढे-मागे सरकतो आणि दट्ट्याच्या टोकाला रबराचा वायसर असतो. दट्ट्या दांडीला जोडलेला असतो, दांडी एका पिनेवर फिरते आणि तिच्या दूरच्या टोकाला पोकळ गोळा असतो. पाणी चढलं की गोळा वर येतो, दांडी दट्ट्याला ढकलते, वायसर तोंडावर दाबला जातो आणि पाणी थांबतं.

एवढासा गोळा नळाचा जोर कसा अडवतो, याचं उत्तर दांडीच्या लांबीत आहे. अडकित्त्यात सुपारी खिळ्याजवळ आणि हात दूर असतो, म्हणून हाताचा थोडा जोर सुपारीपाशी कितीतरी पट होतो. इथेही हिशेब तोच. पिनेपासून दट्ट्या जेमतेम तीन-चार सेंटिमीटरवर असतो आणि गोळा पंचवीस-तीस सेंटिमीटरवर. त्यामुळे गोळ्याचा जोर वायसरपाशी साधारण आठपट होऊन पोचतो.

हा जोर गोळ्याला पाण्यात बुडाल्यामुळे मिळतो. गोळा जितका बुडेल तितकं पाणी त्याला वर ढकलतं. ११ सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्यात सुमारे ७०० घनसेंटिमीटर जागा असते. तो अर्धा बुडाला की पाणी त्याला साधारण ३५० ग्रॅमच्या जोरानं वर उचलतं. गोळ्याचं आणि दांडीचं वजन म्हणून त्यातले १०० ग्रॅम वजा करा. उरलेल्या २५० ग्रॅमचे आठपट, म्हणजे दोन किलो, वायसरवर पडतात. गोळा पूर्ण बुडाला तर हाच जोर पाच किलोच्या आसपास जातो. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे ते लागणार आहेत.

पाणी बॉलकॉकमधूनच येतंय ना?

दांडीला हात लावण्याआधी एक खात्री करून घ्यावी. टाकीत येणाऱ्या पाइपावरची चावी बंद करा. ओव्हरफ्लोची धार थोड्या वेळात थांबली तर पाणी बॉलकॉकमधून येतंय. चावी बंद असूनही पाणी वाहत राहिलं तर ते दुसरीकडून येतंय.

चावी बंद केल्यावर धार थांबूनही बॉलकॉक निर्दोष असण्याचं नेहमी आढळणारं उदाहरण म्हणजे जोडलेल्या टाक्या. गच्चीवर दोन टाक्या शेजारी ठेवून त्या तळाशी पाइपानं जोडतात आणि बॉलकॉक एकीलाच बसवतात. दोन्हींतल्या पाण्याची पातळी शेवटी एकच होते. दुसरी टाकी विटेच्या एका थरानं जरी खाली बसली असेल, तर तिचा ओव्हरफ्लो आधी वाहू लागतो आणि पहिलीतला गोळा अजून पाण्याची वाट पाहत असतो. अशा वेळी बॉलकॉक कितीही वेळा बदलला तरी फरक पडत नाही. खालची टाकी उचलून बरोबरीला आणायची किंवा बॉलकॉकच खालच्या टाकीला लावायचा.

हाताची परीक्षा

ही परीक्षा ओव्हरफ्लो वाहत असतानाच करायची, म्हणजे पाणी येण्याच्या वेळेत. टाकी बॉलकॉक बाहेरूनच हाताला लागेल अशी असावी. टाकीत उतरायचं नाही. शिडी लावावी लागणार असेल तर खाली धरायला कुणीतरी हवं.

आधी नुसतं पाहा. गोळा पाण्यावर बराचसा उघडा तरंगतोय, की जवळपास बुडालाय? गोळा भिंतीला, दुसऱ्या पाइपाला किंवा टाकीत सोडलेल्या वायरीला टेकलाय का? मग गोळ्याजवळ दांडी धरून हलकेच वर उचला.

पाणी लगेच, फारसा जोर न लावता थांबलं तर वायसर आणि तोंड ठीक आहेत. गोळा पुरेसा वर येत नाही, एवढंच त्याचं दुखणं.

दांडी शेवटपर्यंत उचलली, चांगलं दाबूनही पाहिलं, तरी धार चालूच राहिली तर दोष तोंडाशी आहे. तिथे वायसर, कचरा किंवा झिजलेलं पितळ, यांपैकी काहीतरी आहे.

आणि जोर लावल्यावर पाणी थांबलं, पण हात सैल करताच पुन्हा झिरपू लागलं, तर बहुधा दाब आणि गोळा यांची जोडी जमलेली नाही.

पहिलं उत्तर : गोळ्याची बाजू

गोळा बुडालेला दिसतोय आणि दांडी सहज उचलल्यावर पाणी थांबतं, तर आधी गोळ्यावर संशय घ्या. त्याला आट्यांवरून फिरवून काढा आणि कानाशी हलवा. आत पाणी खळखळलं तर गोळ्याला चीर गेली आहे. शंका असेल तर तो बादलीत पूर्ण दाबून धरा, चिरेतून बुडबुडे येतील. टाकीचं झाकण हरवलेलं असेल तर प्लास्टिकचा गोळा उन्हानं ठिसूळ होऊन असा चिरतो. चीर एम-सीलनं बुजवणं हा चार दिवसांचा उपाय आहे. हार्डवेअरच्या दुकानात गोळा सुटा मिळतो. जुना गोळा सोबत न्या, म्हणजे आटे जुळतील.

गोळा कोरडा असेल तर दांडी पाहा. प्लास्टिकच्या टाकीत हमखास होणारा घोटाळा असा : टाकीच्या भिंतीला बॉलकॉक धरणारा नट सैल होतो, पाणी येताना बसणाऱ्या हिसक्यांनी बॉलकॉक हळूहळू फिरतो आणि दांडी वर-खाली होण्याऐवजी तिरकी होते. गोळा मग भिंतीला घासतो आणि अर्ध्यातच अडकतो. बॉलकॉक हातानं सरळ करून, एका पान्यानं तो धरून, दुसऱ्या पान्यानं बाहेरचा नट आवळला की काम होतं. दांडी तळापासून वरपर्यंत कुठेही न टेकता फिरली पाहिजे.

बोअरचं पाणी असेल तर पिनेवर आणि दट्ट्यावर क्षार साचून ते जड होतात. दांडी उचलल्यावर तिथेच राहत असेल, आपल्या वजनानं खाली येत नसेल, तर हेच कारण. पिन काढून दट्ट्या बाहेर घ्या आणि लिंबूसत्त्वाच्या पाण्यात काही तास बुडवून ठेवा. क्षार मऊ होऊन ब्रशनं निघतात. तेल किंवा ग्रीस लावू नका, ते पिण्याच्या पाण्यात उतरतं.

यातलं काहीच नसेल तर पातळीच जास्त वर लावलेली आहे. मग दांडी वाकवायची.

पितळेची दांडी वाकवताना गोळा काढून ठेवा. डाव्या हातानं दांडी बॉलकॉकच्या अंगाजवळ घट्ट धरा आणि उजव्या हातानं मधल्या भागापासून खाली वाकवा. डाव्या हाताचा आधार दिला नाही तर सगळा जोर पिनेवर आणि टाकीच्या भिंतीवर येतो, आणि तिथे गळती सुरू होते. गोळा जितका खाली जाईल, साधारण तितकीच पाण्याची पातळी खाली येते. पाणी थांबल्यावर दांडी जवळजवळ आडवी असावी. फार खाली वाकवलेल्या दांडीचा जोर कमी होतो.

प्लास्टिकची दांडी वाकवायची नसते, ती तुटते. तिच्यावर बहुधा गोळा वर-खाली सरकवण्याची सोय असते, कधी पिनेपाशी स्क्रू असतो. तो सैल करायचा, गोळा खाली घ्यायचा आणि स्क्रू पुन्हा आवळायचा.

टाकीत पाणी कमी बसेल या भीतीनं लोक गोळा अगदी वर ठेवतात. ती भीती किती खरी आहे ते पाहू. हजार लिटरच्या प्लास्टिकच्या टाकीचा व्यास एक मीटरच्या जरा वर असतो, म्हणजे एक सेंटिमीटर पातळीत नऊ-साडेनऊ लिटर पाणी बसतं. गोळा चार सेंटिमीटर खाली घेतला तर दोन-तीन बादल्या पाणी कमी होईल.

दुसरं उत्तर : तोंड

दांडी पूर्ण उचलूनही पाणी थांबत नसेल तर बॉलकॉक उघडावा लागतो. पाणी येण्याची वेळ संपल्यावर हे काम करा, म्हणजे चावी नसली किंवा नीट बंद होत नसली तरी अडत नाही. टाकीतलं पाणीही थोडं वापरून खाली जाऊ द्या.

दांडीच्या पिनेचं टोक दुमडलेलं असतं. ते पक्कडनं सरळ करून पिन ओढली की दांडी सुटते. पितळी बॉलकॉकला पुढे फिरकीचं टोपण असेल तर ते काढा. दट्ट्याच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून तो बाहेर ढकला. दट्ट्याचे दोन भाग आट्यांनी जोडलेले असतात. फडकं गुंडाळून पक्कडनं धरा आणि पुढचा भाग फिरवून काढा. वायसर त्यात बसलेला असतो.

वायसरवर तोंडाच्या काठाची गोल खूण उमटलेली दिसेल. खूण पुसट असेल तर वायसर ठीक आहे. खोल खाच पडली असेल किंवा रबर नखानं दाबल्यावर दबत नसेल, तर त्याचे दिवस भरलेत. नवा वायसर त्याच व्यासाचा आणि त्याच जाडीचा हवा. पाणी चालू ठेवणं भाग असेल आणि दुकान बंद असेल, तर जुना वायसर उलटा बसवून एक-दोन दिवस निभतात.

वायसर बसवण्याआधी तोंडाचा काठ बोटानं चाचपून पाहा. तिथे वाळूचा कण, गंजाचा पापुद्रा किंवा पाइप जोडताना उरलेल्या टेपचा तुकडा अडकलेला असतो. पालिकेनं रस्त्यावरचा पाइप फोडून दुरुस्त केला की लगेचच्या दिवसांत घरोघरी टाक्या वाहतात, त्याचं कारण हेच. असा कण काढला की तोच जुना बॉलकॉक पुन्हा नीट चालू लागतो. पण काठावर बोटाला खरचटल्यासारखी खाच लागली, तर ती पितळेत पडलेली आहे. बारीक फटीतून जोरानं निघणारं पाणी पितळही कापतं. अशा काठावर कोणताही वायसर बसणार नाही. तेव्हा बॉलकॉक बदलायचाच.

नवा बॉलकॉक बसवताना

दुकानात जाताना जुना बॉलकॉक घेऊन जा. घरगुती टाकीला बहुतेक अर्धा इंची, म्हणजे १५ मिलिमीटरचा बॉलकॉक असतो, मोठ्या टाकीला पाऊण किंवा एक इंची. दांडीची लांबी आणि गोळ्याचा आकारही जुळवून घ्या. आखूड दांडी आणि लहान गोळा दिसायला सुटसुटीत असतो, पण त्याचा जोर कमी पडतो.

जुना काढताना टाकीच्या आतून बॉलकॉक पान्यानं धरा आणि बाहेरून नट सोडा. फक्त नट फिरवला तर त्याच्याबरोबर बॉलकॉकही फिरतो आणि टाकीचं भोक मोठं होतं. बाहेरचा पाइप सुटला की लगेच नवा बॉलकॉक चढवू नका. पाइपाच्या तोंडाखाली बादली धरून पाणी थोडा वेळ मोकळं सोडा. काम करताना हललेला गंज आणि कचरा या धारेबरोबर बाहेर पडतो. ही पायरी टाळली तर तोच कचरा नव्या वायसरवर जाऊन बसतो आणि बॉलकॉक पहिल्याच दिवशी झिरपतो.

आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनं ताणून आठ-दहा वेढे गुंडाळा. नट ज्या दिशेनं आवळतो, टेपही त्याच दिशेनं गेली पाहिजे, नाहीतर आवळताना ती उलगडते. टाकीच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी रबरी वायसर लावा. नट आधी हातानं घट्ट करा आणि मग पान्यानं पाव-अर्धा फेराच द्या. प्लास्टिकची टाकी त्याहून जास्त आवळली की भोकाभोवती चीर जाते, आणि मग बॉलकॉक नाही तर टाकी बदलावी लागते.

तिसरं उत्तर : पहाटेचा दाब

आता एक घर घेऊ. साताऱ्यासारख्या चढउताराच्या गावात उताराखालच्या गल्लीत दुमजली घर आहे आणि पालिकेची टाकी वर, उंचावर. घराच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी आणि अर्धा इंची बॉलकॉक आहे. पाणी पहाटे पाच ते आठ येतं. बॉलकॉक दोनदा बदलून झालाय. तरी पावणेसहाला टाकी भरते आणि सातपर्यंत ओव्हरफ्लो वाहतो. सात वाजल्यानंतर धार आपोआप बंद होते. धारेखाली दहा लिटरची बादली लावली तर ती चार मिनिटांत भरते, म्हणजे तासाभरात दीडशे लिटर पाणी जातं.

धार ठरावीक वेळेलाच वाहते, हीच इथली मोठी खूण आहे. वायसर फाटला असता तर टाकी भरल्यावर पाणी असेपर्यंत वाहत राहिली असती. पहाटे गल्लीत फारसे नळ उघडलेले नसतात, त्यामुळे पाइपात दाब भरपूर असतो. सातनंतर घरोघरी नळ चालू होतात आणि दाब उतरतो. दाब मोजायचा तर हार्डवेअरच्या दुकानात घड्याळासारखा गेज मिळतो. तो खालच्या मजल्यावरच्या थेट नळाला लावायचा आणि दर दहा मीटर उंचीला एक किलो वजा करायचा. या घरी पहाटे साडेपाचला खाली ३.३ किलो दाब आला. टाकी आठ मीटर वर, म्हणजे तिथे २.५ किलो. साडेसातला तोच हिशेब केला तर वर जेमतेम अर्धा किलो उरला. इथे किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब.

या बॉलकॉकचं तोंड १० मिलिमीटर व्यासाचं आहे, क्षेत्रफळ सुमारे ०.८ चौरस सेंटिमीटर. साडेसातला पाणी वायसरला ०.४ किलोनं ढकलतं, पहाटे दोन किलोनं. मागचा हिशेब आठवा. दोन किलोचा जोर द्यायला गोळा अर्धा बुडावा लागतो, म्हणजे साडेपाच सेंटिमीटर. ०.४ किलोसाठी मात्र त्याला सव्वातीन सेंटिमीटर बुडणं पुरतं. म्हणजे दाब बदलला की पाणी थांबण्याची पातळीही दोन सेंटिमीटरनं बदलते.

प्लंबर आला होता साडेसातला. त्यानं पाणी थांबलेलं पाहून गोळा ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली दीड सेंटिमीटरवर लावला आणि तो गेला. त्या वेळच्या दाबाला ते बरोबरच होतं. पहाटे मात्र पातळी आणखी दोन सेंटिमीटर चढायला हवी होती, आणि तिथे पोचण्याआधीच ओव्हरफ्लोचं भोक आलं. गोळ्याला पुरेसं बुडायला पाणीच मिळत नव्हतं.

म्हणून इथे नवं काहीच विकत आणावं लागलं नाही. दांडी चार सेंटिमीटर खाली वाकवली. आता साडेसातच्या दाबाला पाणी ओव्हरफ्लोच्या साडेपाच सेंटिमीटर खाली थांबतं आणि पहाटे तीन-साडेतीन सेंटिमीटर खाली. बॉलकॉक कमी दाबाच्या वेळी लावत असाल तर एवढं अंतर हिशेबात धरलंच पाहिजे. पहाटेची पातळीही ओव्हरफ्लोपासून निदान अडीच सेंटिमीटर खाली राहावी.

अशा घरी लोक आणखी एक उपाय करतात. खालची चावी अर्धी बंद करून ठेवतात. त्यानं टाकी सावकाश भरते, पण ओव्हरफ्लो थांबतोच असं नाही. अर्धवट चावीपाशी दाब पडतो तो पाणी जोरानं वाहत असताना. बॉलकॉक बंद होत आला की प्रवाह अगदी बारीक होतो, चावीपाशी अडण्यासारखं काही उरत नाही आणि वर पुन्हा जवळजवळ पूर्ण दाब येऊन बसतो. ज्या क्षणी मदत हवी त्याच क्षणी ही चावी कामी येत नाही.

गोळा पूर्ण बुडालाय, त्यात पाणी शिरलेलं नाही, वायसर नवा आहे आणि तरीही पहाटे पाणी झिरपतंय, तर मात्र बॉलकॉकच दाबाच्या मानानं कमजोर आहे. मग बारीक तोंडाचा, जास्त दाबाचा बॉलकॉक घ्यायचा. आयएस १७०३ या भारतीय मानकात पितळी बॉलकॉकचे जास्त दाबाचे आणि कमी दाबाचे असे वर्ग आहेत. घेताना एचपी, म्हणजे जास्त दाबाचा, असं सांगून मागा. १० ऐवजी ५ मिलिमीटरचं तोंड घेतलं तर वायसरवरचा जोर एक चतुर्थांश होतो.

पण हा बॉलकॉक सरसकट सगळ्यांनी लावू नये. बारीक तोंडातून पाणीही कमी येतं. अडीच किलो दाबाला ५ मिलिमीटरच्या तोंडातून मिनिटाला साधारण पंधरा लिटर पाणी येईल आणि हजार लिटरची टाकी तास-सव्वातासात भरेल. दाब अर्धा किलो असेल तर मिनिटाला सातच लिटर येईल, आणि दोन तास पाणी येणाऱ्या गल्लीत टाकी भरणारच नाही. जिथे पाणी मुळात बेतानं चढतं तिथे मोठ्या तोंडाचाच बॉलकॉक हवा.

पंपाची टाकी वेगळी

खालच्या हौदातून पंपानं वर पाणी चढवत असाल तर बॉलकॉकवर विसंबू नका. टाकी भरली की बॉलकॉक पाइप बंद करतो, पण पंपाला ते कळत नाही. तो चालूच राहतो आणि पुढे जायला वाट नसलेलं तेच पाणी पोटात घुसळत राहतो. पाणी तापतं, पंपाचं सील जळतं आणि कधी पाइपाचा सांधा सुटतो. इथे टाकीत पंप बंद करणारा फ्लोट स्विच हवा, म्हणजे गोळा वर आला की वीजच तुटेल. तो जोडण्याचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. बॉलकॉकची जागा खालच्या हौदात, जिथे पालिकेचं पाणी स्वतःच्या दाबानं येतं.

काम झालं हे कसं ओळखायचं

दुरुस्तीनंतर लगेच झाकण लावू नका. टाकी भरू द्या आणि पाणी थांबलं की तिथे खडूनं किंवा पेन्सिलनं खूण करा. पंधरा-वीस मिनिटांनी पाणी खुणेच्या वर गेलेलं नसावं. भिंतीबाहेरच्या नटाभोवती कोरडं बोट फिरवून गळती नाही ना तेही पाहा. दाब सर्वांत जास्त असण्याच्या वेळी, म्हणजे पहाटे, पुन्हा एकदा बघणं उरतंच. पहाटे गच्चीवर जायचं नसेल तर रात्री ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली वर्तमानपत्राचा कागद दगडाखाली ठेवून द्या. सकाळी तो कोरडा असला की काम झालं.

ओव्हरफ्लोचं तोंडही दिसेल असंच ठेवा. भिंत भिजते, शेजारी बोलतात, म्हणून बरेच जण त्याला पाइप जोडून तो थेट गटारात नेतात. भिंत कोरडी राहते, पण बॉलकॉक बिघडला तरी कुणाच्या लक्षात येत नाही आणि पाणी महिनोन्महिने गुपचूप वाहत राहतं. पाइप जोडायचाच असेल तर त्याचं दुसरं टोक अंगणात किंवा जिन्याजवळ, येता-जाता नजरेला पडेल अशा ठिकाणी सोडा.